मतदानासाठी दोन-तीन तास: माणसं कमी असलेल्या खासगी नोकरीत ते कसे मागायचे

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की खासगी नोकरीतल्या माणसांमध्ये एकच चर्चा सुरू होते. एक म्हणतो, सरकारनं सुट्टी जाहीर केली आहे. दुसरा म्हणतो, ती आपल्याला लागू नाही, ती बँका आणि सरकारी कचेऱ्यांना. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर असतं. दवाखाना, मेडिकल, हॉटेल, पेट्रोल पंप, छोटा कारखाना अशा ठिकाणी, जिथे आधीच माणसं मोजकी आहेत, तिथे या अर्ध्या माहितीमुळे मतदान हुकतं. कर्मचारी हक्क म्हणून अख्खा दिवस मागतो, मालक नाही म्हणतो, आणि मधला जो रस्ता सरकारी आदेशातच दिलेला आहे तो दोघांनाही माहीत नसतो.

तो रस्ता म्हणजे काही तासांची भरपगारी सवलत. ती कुठून येते, कुणाला मिळते आणि रोस्टर कोलमडू न देता ती प्रत्यक्षात कशी बसवायची, हे १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांच्या उदाहरणावरून पाहू. त्या दिवशी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी एकाच वेळी मतदान झालं. ठाणे महापालिकेची आधीची निवडणूक २०१७ मधली, कल्याण-डोंबिवलीची तर २०१५ मधली. इतक्या वर्षांच्या खंडामुळे 'मागच्या वेळी आपल्याकडे काय केलं होतं' हे सांगू शकणारा माणूसच कित्येक ठिकाणी उरला नव्हता. एचआरमध्ये नवे चेहरे, मेट्रन नवी, निम्मा स्टाफ पहिल्यांदाच पालिकेसाठी मत देणारा.

आधी कायद्याची बाजू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सुट्टीच्या मागे तीन वेगवेगळे कागद असतात. पहिला, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ खाली जाहीर होणारी सार्वजनिक सुट्टी. बातमीत 'मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी' असं येतं ती ही. तिचा थेट परिणाम बँका, सरकारी कार्यालयं, महामंडळं यांच्यावर होतो. खासगी दवाखान्याचा किंवा दुकानाचा मालक केवळ या सुट्टीनं बांधला जात नाही. त्यामुळे मालकासमोर त्या बातमीचं कात्रण ठेवून उपयोग होत नाही, आणि 'आम्हाला लागू नाही' हे त्याचं उत्तर तेवढ्यापुरतं खरं असतं.

दुसरा कागद म्हणजे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधलं कलम १३५ब. हे मात्र खासगी आस्थापनांनाही लागू आहे. मतदाराला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची, त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, आणि मालकानं हे मोडलं तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. पण या कलमाचे शब्द नीट वाचले तर ते लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीपुरतं आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांचा त्यात उल्लेख नाही. स्थानिक निवडणुकीच्या वेळी अर्जात '१३५ब नुसार' असं लिहिलं आणि समोरच्यानं ते कलम काढून वाचलं, तर तुमचा अर्ज तिथेच लंगडा पडतो. मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक तयार अर्जांमध्ये नेमकी हीच चूक असते.

खरा आधार तिसऱ्या कागदात आहे. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्या त्या निवडणुकीच्या वेळी राज्य शासनाचा कामगार विभाग (त्याचं पूर्ण नाव उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग) एक परिपत्रक काढतो. त्यात नेहमी तीन गोष्टी येतात. एक, निवडणूक क्षेत्रातल्या मतदार असलेल्या कामगारांना, अधिकाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना मतदानासाठी भरपगारी सुट्टी द्यावी. यात कारखाने, दुकानं, खासगी कंपन्या, आयटी, हॉटेलं, नाट्यगृहं, मॉल असे सगळे येतात. दोन, माणूस कामासाठी त्या क्षेत्राबाहेर असला तरी त्याला हे लागू. म्हणजे मत कल्याणात आणि नोकरी ठाण्यात असेल, तरी ठाण्याच्या मालकाला सुट्टी द्यायची आहे. तीन, आणि आपल्या कामाची गोष्ट हीच: ज्यांच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होऊ शकतं अशा अपवादात्मक ठिकाणी पूर्ण दिवसाऐवजी काही तासांची सवलत देता येते. महापालिकांच्या वेळी ही सवलत सहसा दोन ते तीन तासांची असते. २०२४ च्या विधानसभेला चार तास म्हटलं होतं. म्हणून दर वेळी त्या निवडणुकीचंच परिपत्रक काढून वाचायचं, जुन्यावर विसंबायचं नाही.

या तिसऱ्या मुद्द्याला एक अट जोडलेली असते आणि ती मालकांच्या लक्षात राहत नाही. पूर्ण सुट्टीऐवजी तासांची सवलत द्यायची असेल, तर आस्थापनेनं आधी महापालिका आयुक्तांची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. म्हणजे मूळ नियम पूर्ण सुट्टीचा आहे आणि तास हा अपवाद. 'आमच्याकडे माणसं कमी आहेत, त्यामुळे एक तासही जमणार नाही' असा तिसरा पर्याय त्या परिपत्रकात कुठेच नाही. तुम्ही पूर्ण दिवस न मागता तीन तास मागता तेव्हा तुम्ही तुमच्या हक्कातलं काही सोडून देत आहात, हे तुम्हाला माहीत असावं. समोरच्यालाही ते सौम्य शब्दांत कळू द्यावं.

आता दवाखान्याकडे येऊ. ठाण्यातला एक तीस खाटांचा खासगी दवाखाना धरा. जनरल वॉर्डवर दिवसाला चार सिस्टर, बारा-बारा तासांची ड्युटी, सकाळी आठ ते रात्री आठ. अशा छोट्या दवाखान्यांत तीन पाळ्या चालवायला माणसं नसतात, म्हणून बारा तास. आणि मतदानाची वेळ होती सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. इथेच सगळी अडचण आहे. आठ ते दोन किंवा दोन ते आठ अशी पाळी असती, तर बहुतेकींना सुट्टी मागायचीच गरज नव्हती. सकाळची पाळी संपवून दुपारी मत देता येतं, दुपारची असेल तर सकाळी. बारा तासांची ड्युटी मात्र मतदानाचा जवळजवळ सगळा वेळ गिळते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी पहिली गोष्ट करायची ती ही: आपली पाळी आणि मतदानाची वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहायची. पाळी बदलून काम भागत असेल तर सहकाऱ्याशी बोलून अदलाबदल करणं सगळ्यात सोपं, आणि मेट्रनही त्याला पटकन हो म्हणते.

दुसरी गोष्ट, मतदान केंद्र कुठे आहे ते आधी शोधायचं. पालिकेची मतदार यादी विधानसभेच्याच यादीवरून तयार होते, पण ती प्रभागांप्रमाणे फोडलेली असते. त्यामुळे विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं तीच शाळा पालिकेलाही असेल, असं धरून चालता येत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधून प्रभाग, यादी भाग, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता लिहून घ्यावा. दोन तासांची सवलत घेऊन गेलेला माणूस चुकीच्या शाळेत पोहोचला, तिथल्या टेबलावर 'तुमचं नाव इथे नाही' ऐकलं आणि मग दुसरी शाळा शोधत रिक्षानं फिरला, की तीन तासांचे साडेचार होतात. पुढच्या निवडणुकीत त्याच्याच नव्हे, सगळ्यांच्या अर्जावर त्याची सावली पडते.

तिसरी गोष्ट लोकांच्या हिशेबात येत नाही. मुंबई सोडली तर महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जागांचे. म्हणजे एका मतदाराला चार मतं द्यायची, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. प्रत्येक जागेसाठी उमेदवार किंवा नोटा यांपैकी एक बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. त्यामुळे विधानसभेला एका माणसाला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा इथे जास्त लागतो, आणि रांग त्या मानानं हळू सरकते. वीस माणसांच्या रांगेला विधानसभेच्या अनुभवावरून पंधरा मिनिटं धरली असतील, तर इथे अर्धा तास तरी धरावा.

हे सगळं हातात आल्यावर वेळ मागायची. कशी, ते वॉर्डमधल्या चौघींवरून पाहू.

पहिल्या सिस्टरचं मत ठाण्यातच आहे, दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. दुसरीचं कल्याण पूर्वेला. तिसरीचं डोंबिवलीत. चौथीचं नाव गावाकडे जळगाव जिल्ह्यात एका खेड्यात आहे. तिथे जिल्हा परिषदेची निवडणूक वेगळ्या तारखेला असते, म्हणून १५ तारखेला तिला मत नाही. तिघींनी आपापल्या परीनं 'मॅडम, सकाळी जरा लवकर सोडा' किंवा 'मी थोडी उशिरा येते' असं सांगितलं, तर मेट्रन तिघींनाही नाही म्हणेल. तिच्या डोळ्यांसमोर तीन रिकाम्या जागा आणि तीस खाटा येतात. तिचं चुकत नाही. तिघींनी एकत्र बसून आधी वेळा जुळवल्या आणि मग एकच कागद दिला, तर चित्र बदलतं.

वेळा जुळवताना वॉर्डचा दिवस कसा जातो ते पाहायचं. सकाळी आठ ते दहा सगळ्यात दगदगीचे: नाईटकडून हँडओव्हर, सकाळची इंजेक्शनं, डॉक्टरांचा राउंड, डिस्चार्जचे कागद. दुपारी एक ते चार त्या मानानं निवांत. संध्याकाळी चारनंतर भेटायला येणाऱ्यांची गर्दी आणि नवे ॲडमिशन. म्हणून शक्य तेवढी मतं दुपारी बसवायची, आणि सकाळी फक्त एकीलाच उशीर होऊ द्यायचा.

कल्याणच्या सिस्टरला सकाळच सोयीची, कारण एकदा ठाण्यात आल्यावर पुन्हा कल्याण गाठून परत येणं म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा जातो. ती सव्वासातला रांगेत उभी राहते. साडेसातला केंद्र सुरू होतं, पण सुरुवातीला यंत्रं जुळवताना थोडा खोळंबा होऊ शकतो, म्हणून बाहेर पडायला सव्वाआठ धरायचे. तिथून स्टेशन, लोकल, ठाण्याहून पुन्हा रिक्षा. सगळं सुरळीत असेल तर पावणेदहा. तिनं कागदावर मात्र सव्वादहा लिहायचं. अर्ध्या तासाचा हा हात राखून ठेवणं फार मोलाचं असतं. पावणेदहा म्हणून सव्वादहाला आलं तर भांडण होतं, आणि सव्वादहा म्हणून दहाला आलं की पुढच्या वेळी विश्वास बसतो. मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असल्यानं लोकलचं वेळापत्रक बदललंय का, तेही आदल्या रात्री पाहून घ्यावं.

ठाण्याची सिस्टर एक ते दोन जाऊन येते. तिला तासभर पुरतो, जेवणाची सुट्टी धरून. डोंबिवलीची सिस्टर अडीचला निघते आणि साडेपाचला परत वॉर्डवर हजर होते. तिच्या तीन तासांत जाण्यायेण्याचे दोन्ही बाजूंनी तासाभराच्या आसपास जातात, उरलेला वेळ रांगेचा. ती अडीचऐवजी चारला निघाली तर काय होईल? केंद्रावर पाच वाजता पोहोचेल, नियमानं तिला मत देता येईल, कारण साडेपाचला जे रांगेत उभे असतात त्या सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू देतात. पण शेवटच्या तासाला गर्दी वाढते आणि ती सहा-साडेसहाला मोकळी होईल. दवाखान्यात परतायची तिची वेळ मग कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून शेवटचा तास परत यायचं असलेल्या माणसाला कधीच देऊ नये. तो त्यांच्यासाठी, ज्यांची ड्युटी मतदानानंतर संपलेलीच आहे.

आता हिशेब पाहा. आठ ते सव्वादहा वॉर्डवर तिघी. एक ते दोन तिघी. अडीच ते साडेपाच तिघी. उरलेल्या सगळ्या वेळात चौघी. दिवसभरात एकदाही तीनपेक्षा कमी होत नाहीत. गावाकडे मत असलेली चौथी सिस्टर दिवसभर जागेवर आहे, आणि तिच्यासाठी तिच्या निवडणुकीच्या दिवशी बाकीच्या तिघींनी हेच करायचं, हे तेव्हाच ठरवून ठेवलेलं बरं. नाइटच्या सिस्टरना काही मागायची गरजच नाही. त्या सकाळी आठला सुटल्यावर घरी जाताना मत देतात. पण त्यांना थांबवून ठेवून दिवसाची जागा भरायचा मोह मेट्रनला होतो, तो होऊ देऊ नये. बारा तास जागून काढलेल्या माणसाच्या हातात इंजेक्शनची ट्रे आणखी दोन तास ठेवणं रुग्णासाठी धोक्याचं आहे, आणि वर त्या सिस्टरचंही मत त्यात हुकतं.

हा सगळा हिशेब अर्जात फार लांबवायचा नाही. पान भरलेला अर्ज वाचला जात नाही. साधारण असा पुरतो:

प्रति, मेट्रन मॅडम,
विषय: १५ जानेवारी रोजी मतदानासाठी काही तासांची भरपगारी सवलत मिळण्याबाबत.
महोदया,
१५ जानेवारीला कल्याण-डोंबिवली व ठाणे महापालिकेचे मतदान आहे. जनरल वॉर्डच्या दिवसपाळीतील आम्हा तिघींची नावे मतदार यादीत आहेत. पूर्ण दिवस सुट्टी घेतल्यास वॉर्डवर अडचण होईल, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून आम्ही आपापसांत वेळा ठरवल्या आहेत: कल्याणच्या सिस्टर सकाळी ८ ऐवजी १०.१५ ला हजर राहतील, ठाण्याच्या सिस्टर दुपारी १ ते २ व डोंबिवलीच्या सिस्टर २.३० ते ५.३० या वेळेत मतदान करून परत येतील. कोणत्याही वेळी वॉर्डवर किमान तीन सिस्टर असतील. कामगार विभागाच्या परिपत्रकाप्रमाणे हा वेळ भरपगारी धरावा, रजेत किंवा भरपाई ड्युटीत धरू नये, ही विनंती. परिपत्रकाची प्रत व मतदार यादीतील नोंदी सोबत जोडल्या आहेत.
आपल्या विश्वासू,

खाली तिघींची नावं आणि सह्या. प्रत्यक्ष अर्जात गावांच्या जागी अर्थातच नावं लिहायची.

यातलं शेवटून दुसरं वाक्य वगळू नका. बाकी सगळं सोपं असतं. वेळ मिळतोच, पण महिनाअखेरीला कळतं की अर्धी सीएल गेली आहे, किंवा 'रविवारी तीन तास जास्त थांबा' असं सांगितलं जातं. भरपगारी सवलत म्हणजे तो वेळ काम केल्यासारखा धरणं. तो रजेतून वजा केला किंवा नंतर भरून घेतला, तर ती सवलत उरत नाही. हे आधीच लिहून ठेवलं की नंतर वाद घालावा लागत नाही.

अर्ज कधी द्यायचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कामगार विभागाचं परिपत्रक बऱ्याचदा मतदानाच्या काही दिवस आधीच येतं. तोवर महिन्याचं रोस्टर लागून गेलेलं असतं. या निवडणुकीचा कार्यक्रम आयोगानं १५ डिसेंबर २०२५ ला जाहीर केला होता, म्हणजे बरोबर महिनाभर आधी. त्याच आठवड्यात मेट्रनला तोंडी सांगायचं, 'मॅडम, १५ जानेवारीला आमचं मतदान आहे, रोस्टर लावताना तेवढं लक्षात ठेवा, आम्ही वेळा ठरवून देतो.' लेखी अर्ज नंतर, परिपत्रक आल्यावर. दोन्हींतला पहिला भाग जास्त कामाचा असतो. रोस्टर लागायच्या आधी सांगितलेली गोष्ट सोय म्हणून पाहिली जाते, नंतर सांगितलेली अडचण म्हणून.

या खेपेला आणखी एक गोष्ट होती. १४ तारखेला मकर संक्रांत आणि १५ ला गुरुवार. संक्रांत, मतदान, शुक्रवारची एक रजा आणि शनिवार-रविवार असा पाच दिवसांचा सलग बेत कुणाच्याही डोक्यात येऊ शकतो, आणि मेट्रनच्या डोक्यात तो आधी येतो. ज्यांना खरंच फक्त मत द्यायचं होतं त्यांनी 'त्या आठवड्यात माझी दुसरी रजा नाही' हे एक वाक्य आपणहून सांगितलं असतं, तर बरीच शंका तिथेच मिटली असती.

आता मालकाच्या बाजूनं. तीस खाटांच्या दवाखान्याला आयुक्तांची परवानगी वगैरे मोठी भानगड वाटते. पण ती न घेता फक्त तासांची सवलत दिली आणि एखाद्या कर्मचाऱ्यानं पूर्ण सुट्टीची तक्रार केली, तर दवाखान्याकडे दाखवायला काही राहत नाही. महापालिकेच्या निवडणूक विभागाला एक पत्र, त्यात आस्थापनेचं नाव, सेवेचं स्वरूप, किती कर्मचाऱ्यांना किती तासांची सवलत देणार, एवढंच लागतं. सिस्टरांनी केलेला वेळांचा कागद त्या पत्राला जोडला, की मालकाचं अर्धं काम झालेलं असतं. वेळा जुळवून अर्ज करण्यात कर्मचाऱ्यांचा आणि मालकाचा दोघांचाही फायदा तो हा.

सफाई, सुरक्षा, किचन इथली माणसं बहुधा कंत्राटदाराची असतात, आणि त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. दवाखाना म्हणतो, 'तुमच्या ठेकेदाराला विचारा.' ठेकेदार म्हणतो, 'साइट सोडायची नाही, दवाखाना बिल कापेल.' अशा वेळी अर्ज ठेकेदाराच्या नावानं करावा, कारण पगार तो देतो, आणि त्याची एक प्रत दवाखान्याच्या प्रशासनाला द्यावी. साइटवर माणूस किती वाजता नसेल हे दवाखान्यानं मान्य केलं, की ठेकेदाराचं बिल कापण्याचं कारण संपतं. सुरक्षारक्षकांची पाळीही बारा तासांचीच असते, म्हणून वरचाच हिशेब त्यांनाही लागू पडतो: शेजारच्या गेटवरचा माणूस तासभर दोन्हीकडे पाहील, मग अदलाबदल.

मत दूरच्या गावी असेल तर मात्र तासांची भाषा निरुपयोगी आहे. नोकरी ठाण्यात आणि मत साताऱ्याकडच्या गावात, तर दोन तासांत काहीच होत नाही. परिपत्रकात क्षेत्राबाहेर काम करणाऱ्यांचाही समावेश असतो, तेव्हा अशा माणसानं पूर्ण दिवसाचीच भरपगारी सुट्टी मागावी आणि रोस्टरमध्ये आपल्या जागी कोण हे सांगावं. नोकरी महाराष्ट्राबाहेर असेल, समजा बेळगावात किंवा बंगळूरूत, तर महाराष्ट्राच्या कामगार विभागाचा आदेश तिथल्या मालकाला लागू होत नाही. तिथे साधी रजा हाच मार्ग उरतो.

मतदानाच्या दिवशी काही छोट्या गोष्टींवरून वेळ बिघडतो. मोबाइल केंद्रात नेऊ देत नाहीत. सिस्टर मोबाइल घेऊन गेली तर तो कुठे ठेवायचा या शोधात दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात वॉर्डमधून आलेला फोन लागत नाही, म्हणून इकडे घबराट. मोबाइल घरच्यांकडे द्यावा किंवा वॉर्डवरच ठेवावा, आणि जाताना कुणाला काय सोपवलं ते हँडओव्हरच्या वहीत लिहावं: अमुक बेडची सलाइन तीनला बदलायची, तमुकचा बीपी अडीचला घ्यायचा. तोंडी सांगितलेलं अशा वेळी हमखास विसरतं. ओळखपत्र आदल्या रात्रीच पर्समध्ये टाकावं. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना असे आयोगानं मान्य केलेले इतर पुरावे चालतात, पण यादीत नाव असणं आवश्यकच.

परत आल्यावर बोटावरची शाई दाखवायला सांगितलं तर दाखवायला हरकत नाही. कुणाला मत दिलं हे मात्र कुणीही विचारू शकत नाही, मालकही नाही. छोट्या दवाखान्यांत मालक डॉक्टर एखाद्या उमेदवाराचे नातेवाईक किंवा मित्र असतात आणि 'जाताय तर आपल्या माणसाला द्या' असं सहज बोलून जातात. सवलत देणारा आणि मत मागणारा एकच असला, की कर्मचाऱ्याला ती सवलत उपकार वाटायला लागते. म्हणून वेळेची मागणी नेहमी परिपत्रकाचा हवाला देऊन, सगळ्यांनी मिळून आणि लेखी करावी. मग ती एका व्यक्तीच्या मर्जीवर राहत नाही.

आणि नकार आला तर? आधी तोंडी नकार लेखी मागायचा, शांतपणे: 'मॅडम, अर्जावरच तसं लिहून द्याल का?' बऱ्याचदा इथेच निर्णय बदलतो, कारण भरपगारी सवलत नाकारल्याचं कुणाला सहीनिशी लिहायचं नसतं. तरीही नकार राहिला, तर महापालिकेच्या निवडणूक विभागाला किंवा जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयाला कळवता येतं. मुंबईत दुकानं आणि आस्थापनांसाठी महापालिकेचाच स्वतंत्र दुकाने व आस्थापना विभाग आहे. तक्रार मतदानाच्या आदल्या दिवशीपर्यंत करावी, म्हणजे कुणी फोन करून मालकाशी बोलू शकेल. मतदानानंतर केलेल्या तक्रारीतून मत परत मिळत नाही, पण कापलेला पगार मागता येतो. जानेवारीची पगार चिठ्ठी आली की १५ तारखेची हजेरी, सीएलची शिल्लक आणि कपात या तीन रकान्यांकडे पाहावं, आणि काही वजा झालेलं दिसलं तर अर्जाची पोच जोडून त्याच आठवड्यात अकाउंट्सला लिहावं.